खिडकीची जाळी निवडताना : छिद्र, वारा आणि टिकाऊपणा

मीरा-भाईंदर परिसरातील काशीगाव येथे घरांच्या खिडक्यांवर तीन बाजूंनी मारा होतो. पश्चिम द्रुतगती महामार्गावरील धूळ, खाडी व मिठागरांकडून येणारी दमट खारी हवा आणि पावसाळ्यातील डास. त्यामुळे येथे डासांची जाळी केवळ दरावरून निवडणे महागात पडते. फायबरग्लास, नायलॉन आणि स्टेनलेस स्टील या तिन्ही जाळ्या दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांचे वर्तन भिन्न असते.

जाळीची बारीकी एका इंचात किती छिद्रे आहेत यावरून मोजली जाते. फायबरग्लासची प्रचलित जाळी १८ बाय १६ असते, म्हणजे आडव्या इंचात १८ व उभ्या इंचात १६ छिद्रे. तिचा धागा सुमारे ०.२८ मिलिमीटर जाड असल्याने प्रत्येक छिद्र साधारण १.१ बाय १.३ मिलिमीटरचे उरते. सुमारे दीड मिलिमीटरपर्यंतचे छिद्र डासाला रोखते, म्हणून एवढी बारीकी पुरेशी ठरते. मात्र छिद्रांची संख्या एकटी पाहून चालत नाही. इंचात १४ छिद्रे असलेल्या पोलादी जाळीची तार ०.१७ मिलिमीटरचीच असेल, तर छिद्र १.६ मिलिमीटरहून मोठे होते आणि लहान डास आत शिरू शकतात. दुकानातच जाळीवर पट्टी ठेवून छिद्रे मोजावीत आणि तारेची जाडी विचारावी.

जाळी जितकी बारीक, तितका वारा कमी, हे खरे असले तरी त्याचे प्रमाण समजून घ्यावे लागते. काशीगावातील एखाद्या सदनिकेत चार फूट बाय चार फुटांची दोन झडपांची सरकती खिडकी आहे असे धरू. ती उघडली तरी १६ पैकी आठच चौरस फूट मोकळे होतात. त्यावर १८ बाय १६ ची फायबरग्लास जाळी बसविली, की तिच्या छिद्रांचे एकूण क्षेत्र सुमारे ६६ टक्के, म्हणजे ५.३ चौरस फूट उरते. तेवढ्याच छिद्रांची, पण ०.२३ मिलिमीटर तारेची पोलादी जाळी ५.७ चौरस फूट देते. उलट २० बाय २० ची फायबरग्लास जाळी चिलटेही बरीच अडविते, पण मोकळी जागा ४.९ चौरस फुटांवर येते. म्हणजे जाळीच्या प्रकारापेक्षा सरकत्या खिडकीची रचनाच वारा अधिक अडविते.

दुसरा शत्रू धूळ. प्रत्येक धाग्याच्या दोन्ही बाजूंना अवघा ०.०५ मिलिमीटर थर बसला, तरी वरील फायबरग्लास जाळीचे ५.३ चौरस फूट ४.४ वर येतात. महामार्गालगतच्या घरांत २० बाय २० ची जाळी लावून ती वर्षभर न धुण्यापेक्षा १८ बाय १६ ची जाळी दर महिन्याला ओल्या मऊ ब्रशने पुसणे हितावह.

टिकाऊपणात नायलॉन मागे पडते. ते ओलावा शोषून सैल होते आणि उन्हाने ठिसूळ बनते. वेल्क्रोने चिकटविलेली नायलॉनची जाळी भाड्याच्या घरासाठी सोयीची, पण कोपऱ्यांतील वेल्क्रो सुटला की डास तेथूनच येतात. फायबरग्लास गंजत नाही आणि सैलही पडत नाही. मात्र घडी घातल्यास त्यावरील पीव्हीसीचा थर तडकतो, आणि मांजर वा उंदीर ती सहज फाडतात. नमुन्याचा लहान तुकडा घराबाहेर चिमट्यात धरून जाळल्यास फरक कळतो. नायलॉन वितळून मणी बनते, तर फायबरग्लासचा थर जळून आतील पांढरे काचतंतू उरतात.

स्टेनलेस स्टीलमध्ये प्रत महत्त्वाची. खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे हलक्या प्रतीच्या तारेवर तपकिरी डाग व पुढे खड्डे पडतात. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ प्रत, हा समज चुकीचा आहे. स्वस्त २०२ प्रतीलाही चुंबक फारसा चिकटत नाही. म्हणून बिलावर प्रत लिहून घ्यावी. थेट खाडीकडे तोंड असलेल्या खिडकीला मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रत अधिक टिकते. पोलादी जाळी ॲल्युमिनियमच्या चौकटीला थेट टेकल्यास खाऱ्या ओलाव्यात चौकट झिजते, त्यामुळे मध्ये रबरी पट्टी अखंड असावी.

तेव्हा दिवाणखाना व शयनगृहांना १८ बाय १६ चे फायबरग्लास, तर तळमजल्याला आणि उंदरांचा उपद्रव असलेल्या स्वयंपाकघराला ३०४ प्रतीचे पोलाद, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. बसविणारा कारागीर जाण्यापूर्वी झडप बंद करून कडेच्या फटी तपासाव्यात. दोन मिलिमीटरची फट राहिल्यास सर्वांत बारीक जाळीही निरुपयोगी ठरते. शिवाय डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे जाळीची झडप केवळ संध्याकाळी नव्हे, तर दिवसाही बंद असावयास हवी.