मार्जिन ट्रेडिंग

शेअरच्या किमतीपैकी काही भाग स्वतः भरायचा, उरलेले पैसे ब्रोकरकडून व्याजाने घ्यायचे, अशी खरेदी. घेतलेले शेअर कर्ज फिटेपर्यंत तारण राहतात. हातातले शेअर बँकेकडे गहाण टाकून त्या कर्जातून नवे शेअर घेतले, तरी हिशेब तोच. भाव कितीही घसरला तरी कर्जाचा आकडा कमी होत नाही. सगळी घट खरेदीदाराच्या स्वतःच्या पैशातून वजा होते.

समजा, स्वतःचे १ लाख आणि उधारीचे १ लाख घालून ५०० रुपयांचे ४०० शेअर घेतले. व्याज वर्षाला १५ टक्के. दोन महिन्यांनी भाव ४०० वर आला. शेअरची किंमत १,६०,००० रुपये उरली, तर देणे व्याजासह १,०२,५०० झाले. म्हणजे स्वतःचे उरले ५७,५०० रुपये. शेअर २० टक्के पडला, पण गुंतवणूकदाराचे साडेबेचाळीस टक्के गेले. शिवाय आता उरलेल्या पैशाच्या मानाने कर्जाचा भार आधीपेक्षा जड झाला आहे. सुरुवातीला शेअर १० टक्के पडला असता तर स्वतःच्या पैशातले २० टक्के गेले असते. इथून पुढे तेवढ्याच पडझडीत जवळपास २८ टक्के जातील.

खरे नुकसान मात्र यापुढच्या टप्प्यावर होते, आणि तेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. ब्रोकरची अट अशी धरू की, शेअरच्या चालू किमतीच्या किमान ४० टक्के रक्कम खरेदीदाराची असावी. ती इथे ६४,००० होते. म्हणजे ६,५०० कमी पडतात. ते भरण्याची सूचना येते, तिला मार्जिन कॉल म्हणतात. मुदतीत पैसे आले नाहीत तर ब्रोकर शेअर विकतो. विक्रीचे पैसे कर्जात वळते होतात, पण शेअरही कमी होतात. म्हणून ६,५०० ची तूट भरायला ४०० च्या भावाने ४१ शेअर, म्हणजे १६,४०० रुपयांचे शेअर विकावे लागतात.

आता भाव लगेच परत ५०० झाला, असे धरू. उरलेल्या ३५९ शेअरचे १,७९,५०० रुपये होतात. ८६,१०० चे देणे वजा जाता हाती ९३,४०० उरतात. पूर्ण पैसे भरून त्याच भावाला शेअर घेतलेल्याचा एक रुपयाही गेलेला नसतो. याचे मात्र ६,६०० गेले. त्यात २,५०० व्याजाचे, तर ४,१०० पडत्या भावात झालेल्या सक्तीच्या विक्रीचे. भाव सावरेपर्यंत थांबण्याची मुभा कर्जदाराला नसते.

कंपनीबद्दल वाईट बातमी आली आणि शेअर लागोपाठ लोअर सर्किटला अडकला, तर ब्रोकरलाही घेणारा मिळत नाही. विक्री २५० ला झाली तर १ लाख रुपये हाती येतील, देणे १,०२,५०० चे असेल. स्वतःचे लाखभर तर गेलेच, वर २,५०० ची वसुलीही खरेदीदाराकडूनच होते.