एकच डीएनए, तीन पट्ट्या: पीळ कुठे गेला?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका प्लाझ्मिडचं मिनीप्रेप केलं. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूमध्ये मुख्य गुणसूत्राशिवाय असणारा छोटा, गोलाकार डीएनए. माझं प्लाझ्मिड पीयूसी-१९ होतं, २६८६ बेस जोड्यांचं. कोणत्याही एन्झाइमने न कापता ते एक टक्का अगॅरोजच्या जेलवर चालवलं. एकच पट्टी दिसेल अशी अपेक्षा होती, पण दिसल्या दोन. ठळक पट्टी लॅडरच्या दोन हजाराच्या आसपास आणि फिकट पट्टी बरीच वर. मी वहीत लिहून टाकलं, "दोन प्लाझ्मिड मिसळले आहेत", आणि नव्याने कॉलनी वेगळ्या करायला बसले. आठवडा गेला आणि पुन्हा त्याच दोन पट्ट्या आल्या.

चूक डीएनएची नव्हती, माझ्या वाचनाची होती. पण नेमकी अशीच गफलत साठ वर्षांपूर्वी फार मोठ्या लोकांचीही झाली होती, आणि ती कशी सुटली हे कळलं की जेल आपोआप वाचता येतं. म्हणून आज ती गोष्ट.

१९६३ साल. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जेरोम व्हिनोग्राड आणि रॉजर वाइल पॉलिओमा नावाच्या विषाणूचा डीएनए तपासत होते. जेल तेव्हा या कामात नव्हतं, हत्यार होतं अल्ट्रासेंट्रिफ्यूज. नळीत डीएनए ठेवून प्रचंड वेगाने फिरवायचं आणि तो किती वेगाने खाली बसतो ते मोजायचं. या वेगाचं माप स्वेडबर्ग एककात देतात. पॉलिओमाचा बहुतेक डीएनए २० एककांनी बसत होता आणि थोडा १६ एककांनी. हा डीएनए गोल असतो याचा पुरावा त्याच वर्षी मिळाला होता. मग साहजिक अर्थ असा लावला गेला की वेगाने बसणारा तो गोल आणि सावकाश बसणारा तो तुटून सरळ झालेला.

पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १६ वालाही गोलच निघाला! म्हणजे वजन तेच, दोन्ही गोल, तरी वेग वेगळा. १९६५ मध्ये व्हिनोग्राड, लेबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. २० वाल्या डीएनएच्या दोन साखळ्यांपैकी फक्त एका साखळीत एकच घाव घातला की तो १६ वाला होतो. घावाने वर्तुळ उघडत नाही, कारण दुसरी साखळी ते धरून असते. मग बदलतं काय? बदलतो तो पीळ.

हे आपल्या पीयूसी-१९ वर करून बघू. डीएनएची दुहेरी गुंडाळी साधारण साडेदहा जोड्यांना एक वेढा घेते, म्हणजे २६८६ जोड्यांना सुमारे २५६ वेढे. जिवाणूच्या पेशीत मात्र एन्झाइम हे वेढे साधारण सहा टक्के कमी ठेवतात. म्हणजे १५ एक वेढे कमी पडतात. दोन्ही साखळ्या अखंड असल्यामुळे ही तूट भरून काढायला वाटच नाही. त्या ताणाने अख्खं वर्तुळ स्वतःभोवती वळतं, जास्त पिळलेल्या सुतळीच्या गाठी होतात तसं. हा झाला सुपरकॉइल्ड प्रकार, आटोपशीर आणि घट्ट.

आता घाव घाला. या प्लाझ्मिडच्या दोन साखळ्यांत मिळून ५३७२ बंध आहेत. त्यातला एक तुटला तरी घावाजवळ साखळीचं टोक दुसऱ्या साखळीभोवती मोकळं फिरतं आणि सगळी तूट भरून निघते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे मात्र ५३७२ मधला एक बंध गेला की पूर्ण पीळ जातो. उरतं ते सैल, पसरट वर्तुळ, म्हणजे निक्ड प्रकार. आणि दोन्ही साखळ्या एकाच जागी तुटल्या तर तिसरा, सरळ प्रकार.

जेलवर हे तिन्ही कसे चालतात? तिघांवर ऋण प्रभार सारखाच, वजनही सारखंच. पाण्यात मोकळे सोडले असते तर विजेने जवळपास सारख्याच वेगाने ओढले गेले असते. फरक पाडते ती अगॅरोजची जाळी. सुपरकॉइल्ड गठ्ठा लहान, म्हणून तो छिद्रांतून पटकन निसटतो. सरळ डीएनए टोक पुढे करून सापासारखा जाळीतून सरकतो. निक्ड वर्तुळाला टोकच नाही, ते दुमडून घुसावं लागतं आणि वाटेत जाळीच्या धाग्यांत अडकतं. म्हणून नेहमीच्या जेलवर सर्वात पुढे सुपरकॉइल्ड, मध्ये सरळ, सर्वात मागे निक्ड.

गंमत बघा, सेंट्रिफ्यूजमध्ये क्रम वेगळा होता. तिथे सरळ डीएनए सर्वात मागे, साधारण १४ एककांवर, कारण जाळी नसताना तो सर्वात जास्त पसरतो आणि द्रवाचा विरोध त्याला जास्त होतो. म्हणजे हा क्रम डीएनएच्या अंगचा गुण नाही, तो डीएनए आणि वाट या दोघांचा मिळून आहे. अगॅरोजचं प्रमाण, व्होल्टेज किंवा बफर बदललं की पट्ट्यांमधलं अंतर बदलतं, कधी क्रमही.

सगळ्यात जास्त फसवतं ते इथिडियम ब्रोमाइड. १९७२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या आय आणि बोर्स्ट यांनी डीएनएसाठी जेलची पद्धत मांडली. १९७३ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या शार्प, सगडेन आणि सॅमब्रुक यांनी इथिडियम जेलमध्येच घालून पट्ट्या अतिनील प्रकाशात दाखवल्या. सोय झाली, पण हा रंग नुसता चिकटत नाही. त्याचा प्रत्येक रेणू बेस जोड्यांच्या मध्ये शिरतो आणि गुंडाळी सुमारे २६ अंशांनी उलगडतो. १४ रेणू म्हणजे एक वेढा. त्यामुळे दोनशेच्या आसपास रेणू शिरले की आपल्या प्लाझ्मिडची १५ वेढ्यांची तूट संपते आणि सुपरकॉइल्ड प्रकार सैल होऊन मागे रेंगाळतो. आणखी शिरले की उलट्या दिशेने पीळ पडतो आणि तो पुन्हा पळतो. म्हणून रंग जेलमध्ये घातलेला फोटो आणि जेल संपल्यावर रंगवलेला फोटो शेजारी ठेवून पट्ट्या जुळवू नका.

मग माझ्या दोन पट्ट्यांचं काय? वर्षभर वरच्या एका सीनियर ताईने सांगितलं, तीन खणांत तीन नमुने घाल. पहिल्यात न कापलेलं प्लाझ्मिड. दुसऱ्यात इको-आर-वनने कापलेलं, कारण हे एन्झाइम पीयूसी-१९ ला एकाच जागी कापतं. तिसऱ्यात एकाच साखळीला घाव घालणाऱ्या एन्झाइमने निक केलेलं. दुसऱ्या खणात माझ्या दोन्ही पट्ट्या गायब झाल्या आणि एकच पट्टी आली, बरोबर २.७ हजाराजवळ. दोन वेगळी प्लाझ्मिड असती तर बहुधा दोन पट्ट्या राहिल्या असत्या. तिसऱ्या खणातली पट्टी माझ्या फिकट पट्टीच्या रेषेत बसली. म्हणजे मिनीप्रेप करताना जोरात पिपेट करून मीच काही वर्तुळांचा पीळ घालवला होता.

आणखी एक. लॅडर सरळ तुकड्यांचं असतं, त्यामुळे त्यावरून लांबी फक्त सरळ डीएनएचीच वाचता येते. माझी ठळक पट्टी दोन हजाराजवळ होती म्हणून प्लाझ्मिड दोन हजाराचं होत नाही. न कापलेल्या नमुन्यापुढे वहीत आता मी आकडा लिहीतच नाही, आकार लिहिते.