विश्लेषण : डोंगराआड गेल्यावरही मोबाइलची रेंज पूर्ण का जात नाही? सावलीच्या कडेवर नेमके काय घडते?

देहूरोडजवळ, जुन्या पुणे-मुंबई महामार्गालगत घोरावडेश्वराचा डोंगर आहे. डोंगराच्या एका बाजूला मोबाइलचा टॉवर आणि दुसऱ्या बाजूला फोन, अशी कल्पना करा. मध्ये खडक आहे, टॉवर दिसत नाही. तरीही रेंज कमी होते, एकदम शून्य होत नाही. याचे एक कारण म्हणजे सरळ कडेवरचे विवर्तन.

सावलीला धारदार कड का नसते?

लहर अडथळ्याच्या कडेवरून जाताना थोडी आत, सावलीत वळते. प्रकाशाबाबत हे इटलीच्या ग्रिमाल्डी यांनी नोंदवले. त्यांचे पुस्तक १६६५ मध्ये प्रसिद्ध झाले. सावलीच्या बाहेर, उजेडाच्या बाजूला, कडेला समांतर उजळ आणि फिकट पट्टे दिसतात. सावलीच्या आत मात्र पट्टे नसतात, तिथे उजेड हळूहळू विरत जातो.

मग घरातल्या भिंतीच्या सावलीत हे पट्टे का दिसत नाहीत? कारण सूर्य बिंदू नाही, तो आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद आहे. कडेपासून पडदा ४ मीटरवर असेल तर या रुंदीमुळे सावलीची कड साडेतीन सेंटिमीटरहून जास्त पुसट होते. लाल लेझरच्या पसरवलेल्या समांतर झोतात पहिला उजळ पट्टा सावलीच्या कडेपासून जेमतेम दीड मिलिमीटरवर असतो. तो सूर्यप्रकाशात त्या पुसटपणात हरवून जातो.

स्पायरल कशासाठी?

फ्रेनेल यांनी १८१८ मध्ये याचे गणित मांडले आणि कॉर्नू यांनी १८७४ मध्ये ते एका चित्रात बसवले. अडथळ्यावरच्या मोकळ्या जागेचे बारीक पट्टे पाडा. प्रत्येक पट्ट्यातून आलेली लहर म्हणजे एक छोटा बाण. दूरच्या पट्ट्यातून येणाऱ्या लहरीला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून तिचा बाण थोडा वळलेला असतो. जितके दूर, तितके हे वळण वेगाने वाढते. बाण एकापुढे एक जोडले की दोन्ही टोकांना गुंडाळत जाणारी वक्ररेषा तयार होते. तेच कॉर्नू स्पायरल.

कुठल्याही ठिकाणची तीव्रता काढायची असेल तर स्पायरलवरच्या दोन बिंदूंमधले सरळ अंतर मोजायचे आणि त्याचा वर्ग करायचा. अडथळा नसेल तर हे अंतर एका गुंडाळीच्या केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंत असते. बरोबर सावलीच्या कडेवर अर्धे स्पायरल झाकले जाते. अंतर निम्मे होते, म्हणून तीव्रता निम्मी नव्हे, तर एक चतुर्थांश उरते.

उजेडाकडे सरकले की सुरुवातीचा बिंदू झाकलेल्या बाजूच्या गुंडाळीत शिरतो आणि तिच्या केंद्राभोवती फिरू लागतो. त्यामुळे अंतर आळीपाळीने वाढते-घटते : तीव्रता आधी १.३७ पट, मग ०.७८ पट, पुढे १.२० पट. हेच ते पट्टे. सावलीकडे सरकले तर तो बिंदू दुसऱ्या गुंडाळीत शिरतो आणि अंतर फक्त कमीच होत जाते. म्हणून आत पट्टे नसतात.

डोंगरावर हे आकडे कसे दिसतात?

समजा टॉवर डोंगरमाथ्यापासून २ किलोमीटर, फोन पलीकडे १ किलोमीटर आणि वारंवारता ९०० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. टॉवर आणि फोन जोडणारी रेषा माथ्याला घासून गेली, तर सिग्नल मोकळ्या जागेच्या एक चतुर्थांश. रेषा माथ्याच्या सुमारे १३ मीटर वरून गेली तर १.३७ पट, आणि सुमारे २० मीटर वरून गेली तर पुन्हा ०.७८ पट. म्हणजे टॉवर स्पष्ट दिसत असतानाही थोडे वर चढल्यावर सिग्नल किंचित घसरू शकतो.

आता रेषा माथ्याच्या १० मीटर खालून जाते असे समजा. ९०० मेगाहर्ट्झवर मोकळ्या सिग्नलचा साधारण २३ वा भाग उरतो. ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झवर तोच आकडा साधारण ७० वा भाग होतो. तरंगलांबी लहान, तितकी सावली गडद. डोंगराआड फोन अनेकदा खालच्या बँडवर जातो, त्यामागे हेही एक कारण असते.

मर्यादा काय?

हे गणित ब्लेडसारख्या पातळ, सरळ कडेचे आहे. खरा माथा गोलसर असतो, त्यावर झाडी असते. त्यामुळे बहुतेक वेळा प्रत्यक्ष घट याहून जास्त होते. शिवाय आसपासच्या इमारतींवरून परावर्तित होऊन येणारा सिग्नलही त्यात मिसळतो. फोनवरच्या रेंजच्या काड्या वर-खाली होताना दिसल्या म्हणजे हेच पट्टे, असे समजता येत नाही. खात्री करायची तर टॉवर आणि बँड तोच ठेवून, एकेक मीटर उंची बदलत डेसिबलमध्ये सिग्नल मोजावा लागतो. चढ-उतारांमधले अंतर वर जाताना नियमाने कमी होत गेले, तरच ते कडेच्या विवर्तनाशी जुळते.