रात्री दहा ते दुसऱ्या दिवशीची सकाळ

रात्री १० च्या सुमारास, १३ सप्टेंबर २०१७. अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एका विद्यार्थी-संघाच्या घरात नव्या मुलांना संघाबद्दल प्रश्न विचारले जातायत. उत्तर चुकलं की दारूचा घोट. दारूत ९५ टक्के अल्कोहोल आहे, आपल्याकडच्या व्हिस्कीच्या दुपटीहून जास्त. अठरा वर्षांच्या एका मुलाला एकामागून एक घोट घ्यावे लागतात.

मध्यरात्र. त्याला सोफ्यावर आडवं केलं जातं. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ असं आपणही म्हणतो, आणि घात इथेच होतो. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात मिसळतच राहते. यकृत तासाभरात जेमतेम एक लहान पेग निपटतं. त्यामुळे आडवं केलं तेव्हापेक्षा तासाभराने माणसाची अवस्था आणखी वाईट असू शकते.

अशा माणसाला हाक मारा, खांद्याला जोरात चिमटा काढा. डोळे उघडले नाहीत, तर ती झोप नव्हे, बेशुद्धी आहे. मग छातीकडे बघत पूर्ण मिनिट श्वास मोजा. आठपेक्षा कमी भरले, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचा खंड पडला, तर जीव धोक्यात आहे. ओठ आणि नखं निळसर पडणं, अंग गार व चिकट लागणं, बेशुद्धीत उलटी, झटके: यातलं एकच दिसलं तरी पुरे. बाकीच्या लक्षणांची वाट बघू नका. घोरण्यात गुरगुर ऐकू आली, तर ‘गाढ झोपलाय’ म्हणू नका. घशात काहीतरी अडकत असतं.

पहाटे. सोबतचे निघून गेलेत. अशा वेळी मेंदूचा श्वासावरचा ताबा सुटत जातो, ठसकाही लागत नाही. उताण्या माणसाची उलटी थेट फुप्फुसात उतरते.

सकाळ. नाडी क्षीण, श्वास चालू आहे की नाही तेच कळेना. मुलं त्याला हॉस्पिटलात नेतात, पण तो वाचत नाही. रक्तात ०.४९५ टक्के अल्कोहोल सापडतं, तिथल्या वाहनचालकांच्या मर्यादेच्या सहापट. शवविच्छेदनात कारण निघतं दारूची विषबाधा, आणि फुप्फुसात गेलेला द्रव.

मध्यरात्रीच काय करता आलं असतं? आधी फोन. आपल्याकडे १०८. मग त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसून त्याचा आपल्याकडचा हात काटकोनात पसरायचा, दुसऱ्या हाताचा पंजा गालाखाली ठेवायचा, पलीकडचा गुडघा दुमडून त्याला आपल्याकडे कुशीवर वळवायचं. डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे. अंगावर पांघरूण घालायचं. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाणी ओतणं, बोटं घालून उलटी काढणं, चालवणं, यातलं काहीही नको. श्वास थांबलाच तर छाती दाबायला लागा.

पोलीस येतील, घरी कळेल, या भीतीने फोन लांबवू नका. काय आणि किती प्यायला ते खरं सांगा, आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका.