कागदाचे कोडे : एकनाथांची अर्जदास्त, खोतीचा कुलाबा आणि सामाजिक आशयाचे भारूड

मराठी लोकवाङ्मयात भारुडाचे स्थान वेगळे आहे. ‘बहुरूढ’ या शब्दावरून हे नाव आले असे एक मत आहे. दुसरे मत त्याचा संबंध दोन मुखांच्या भारुंड पक्ष्याशी जोडते. व्युत्पत्ती कोणतीही मानली तरी रचनेचे मर्म दुसऱ्या मतात अधिक नेमके सापडते. भारुडाला दोन तोंडे असतात. एक ऐकणाऱ्यासमोर सरळ गोष्ट सांगते आणि दुसरे त्याच शब्दांत वेगळाच व्यवहार बोलून जाते. कूट भारुडात पहिली गोष्ट अशक्य कोटीतली असते आणि श्रोत्याला तिची उकल करावी लागते. रायगडच्या किनारपट्टीवर गावोगावच्या सप्ताहांत, यात्रांत आणि गणेशोत्सवांत सामाजिक विषयावरची भारुडे सादर होतात. त्यांच्यापुढची खरी अडचण याच दुसऱ्या तोंडाची आहे.

संत एकनाथांच्या (1533–1599) भारुडांची संख्या तीनशेच्या आसपास मानली जाते. जोगवा, गोंधळ, वासुदेव, विंचू ही त्यांतील प्रसिद्ध रूपे होत. त्यांच्या तुलनेत ‘अर्जदास्त’, ‘ताकीदपत्र’, ‘जाबचिठ्ठी’, ‘अभयपत्र’ या सरकारी कागदांच्या घाटातील रचनांकडे कमी लक्ष जाते. अर्जदास्तीत मनुष्यदेह हा ‘शरीराबाद’ नावाचा परगणा होतो. जीवाजी तेथील शेखदार, तर क्रोधाजी नाईकवाडी. परगण्याची व्यवस्था बिघडली आहे आणि तिकडून यमाजीपंतांची तगाद्याची चिठ्ठी येते. वसुलीचा कागद ठाऊक असलेल्या कुळाला यातील विनोद आणि भय दोन्ही तात्काळ कळत असणार. नाथांना ही भाषा ऐकीव नव्हती. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते. हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागवली, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

नाथांनी दफ्तराची भाषा देहाकडे वळवली. आध्यात्मिक अर्थ अवघड होता आणि वसुलीचा कागद रोजचा होता, म्हणून रोजच्या वस्तूतून अवघड अर्थाकडे जाता आले. सामाजिक भारुडाला नेमके उलट जावे लागते. तेथे अवघड वस्तू म्हणजे तो कागदच असतो. त्याच्याकडे जाण्याची वाट घर, पोर, मामा, पाहुणा अशा ओळखीच्या नात्यांतून काढावी लागते. ही दिशा ध्यानात न घेता रचलेले भारूड पहिल्याच ओळीत उत्तर सांगून मोकळे होते. पुढे उरते ते केवळ व्याख्यान.

किनारपट्टीच्या इतिहासात अशा कागदाचे ठळक उदाहरण खोतीचे आहे. आजचा रायगड म्हणजे 1981 पूर्वीचा कुलाबा जिल्हा. तेथील खोती गावांत कूळ आणि सरकार यांच्यामध्ये खोत असे. कुळाने पिकवलेल्या भाताचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक वाटा खंडापोटी जाई. शिवाय वेठ असेच. अलिबाग तालुक्यातील चरी व परिसरातील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी सहा वर्षे खोतांची जमीन न कसण्याचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती 1949 च्या कायद्याने.

संपाचा इतिहास पुष्कळ सांगितला गेला आहे. त्यामागचे धान्याचे कर्ज मात्र सहसा दोन शब्दांत उरकले जाते. आषाढात घरातले भात संपले की कूळ खोताकडून किंवा सावकाराकडून पोटाला आणि बियाण्याला भात घेई. खोत आणि सावकार अनेकदा एकच असत. परतफेड ‘सवाई’ने किंवा ‘दिढी’ने होई. दिढीने चार मण भात घेतले तर खळ्यावर सहा मण द्यावयाचे. ते जमले नाही तर पुढील हंगामात नऊ मण, आणि तिसऱ्या हंगामात साडेतेरा मण. तीन वर्षांत मूळ भात तिपटीहून अधिक होई आणि कुळाला मात्र आपण चारच मण घेतले एवढेच आठवत असे.

हा हिशेब भारुडात कसा बसेल, हे पाहण्यासाठी नमुन्यादाखल पुढील रचना घेता येईल :

बापावाचून जन्मले पोर, वर्षात झाले दीडपट थोर ।
नांगर न धरी, आवणी न करी, खळ्यावर उभे सर्वांसमोर ।
आईला कोंडा, मामाला दाणा, कोणाचे पोर हे सांगा सुजाणा ॥

पोर म्हणजे व्याज. आई म्हणजे कुळाचे घर आणि मामा म्हणजे अडचणीच्या वेळी नातलगासारखा धावून आलेला कर्ज देणारा. सादरीकरणात मुख्य भारूडकरी प्रश्न टाकतो आणि मागचे टाळकरी मुद्दाम चुकीची उत्तरे देतात. पहिले उत्तर बहुधा ‘उंदीर’ असे येते. उंदीर नांगर धरत नाही आणि खळ्यावर हजर असतो, हे खरे. पण तो ठरल्या मापाने दीडपट होत नाही आणि कोणा मामाला पोसत नाही. दुसरे उत्तर ‘आळशी मुलगा’ असे आले तर पहिलीच ओळ ते खोडून काढते. चुकीचे प्रत्येक उत्तर एखाद्या ओळीवर अडखळले पाहिजे. जी ओळ कोणालाच अडवत नाही ती निरुपयोगी समजून काढून टाकावी.

प्रत्येक ओळ वस्तूच्या बाबतीतही अक्षरशः खरी असावी लागते. ‘वर्षात’ऐवजी ‘दिवसेंदिवस’ असा शब्द घातला तर चाल बिघडत नाही, पण कोडे खोटे पडते. दिढी दररोज वाढत नसे. ती खळ्यावर, मापाच्या वेळी वाढे. शेतीत मुरलेला श्रोता ही चूक पकडतो आणि एकदा पकडली की पुढील सर्व भारूड त्याच्या लेखी हातचे जाते. मामाच्या जागी ‘खोत’ हा शब्द घालण्याचा मोह हा दुसरा दोष. नाव उच्चारताच कोडे संपते. खोताच्याच अंगणात सादरीकरण असेल अशा काळात तर गाणेही संपले असते.

रायगडच्या दक्षिण भागात, श्रीवर्धन-म्हसळ्याकडे, या परीक्षेची सवय असलेला श्रोता आहे. तेथील जाखडी नृत्यात शक्ती आणि तुरा असे दोन पक्ष एकमेकांना सवाल घालतात आणि जबाब न आल्यास पक्ष हरतो. हे सवाल बहुतांशी पुराणातील असतात. सामाजिक भारूड याच मंचावर आणावयाचे तर जबाब देणाऱ्याला पुराणाऐवजी व्यवहार ठाऊक असावा लागतो. म्हणून उत्तर भारूडकऱ्याने सांगण्यापेक्षा मापाचा हिशेब ठाऊक असलेल्या एखाद्या श्रोत्याच्या तोंडून येऊ देणे अधिक परिणामकारक ठरते. ते आल्यावरच चार, सहा, नऊ, साडेतेरा हे आकडे टाळांच्या ठेक्यावर मोजावेत. आधी मोजले तर ते पाढे वाटतात.

वरील रचना 1949 पूर्वीच्या गावाची आहे आणि ती तशीच आजच्या कर्जावर लावणे चुकीचे होईल. आठवड्याच्या हप्त्याने फेडावयाच्या गटकर्जाचे व्याज खळ्याची वाट पाहत नाही. त्या पोराचा वाढदिवस दर आठवड्याला येतो आणि मामाही एकटा नसतो. गटातील शेजारणीच एकमेकींच्या जामीन असल्याने तगाद्याला येणारा पाहुणा आणि घरचे माणूस यांतील भेद पुसट होतो. तेव्हा ‘दीडपट’ आणि ‘खळे’ हे दोन्ही शब्द बदलावे लागतील. मामाची ओळ तर पुन्हा नव्यानेच रचावी लागेल.