कांदळवनातील भराव (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

ठाणे खाडी आणि उल्हास खाडीकाठच्या कांदळवनात बांधकामाचा राडारोडा व माती बेकायदा टाकून जमीन तयार करण्याचा गुन्हा. डंपर बहुधा रात्री रिकामे होतात. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. ती भरावाखाली गाडली गेली किंवा बांध घालून भरतीचे पाणी अडवले की, झाडे न तोडताही उभ्या उभ्या वाळतात. पुढे ‘ओसाड’ झालेल्या जागेवर चाळी व गोदामे उभी राहतात.

मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनतोडीवर राज्यभर बंदी घातली आणि सभोवतालच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकाम रोखले. अंमलबजावणी मात्र महसूल, वन, महापालिका व पोलीस यांच्यात विभागलेली राहते. सापडतो तो बहुधा डंपरचालक. भरावाचा लाभार्थी मागेच राहतो. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 नुसार 2024 पर्यंत या गुन्ह्याची तक्रार न्यायालयात थेट करण्याचा अधिकार फक्त प्राधिकृत अधिकाऱ्याला होता. नागरिकाला तक्रारीआधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागे. तेवढ्या अवधीत भराव पक्का होई. दंड वसूल झाला, तरी भराव उपसून भरतीची वाट मोकळी केल्याशिवाय कांदळवन परतत नाही.