प्रोफाइल फोटो, डेटिंग साइटवरील

डेटिंग साइटवर सदस्य स्वतःची ओळख म्हणून लावतो ते छायाचित्र. वधू-वर सूचक मंडळाकडे दिला जाणारा पोस्टकार्ड आकाराचा फोटो बहुधा घरातली मंडळी मिळून निवडत. डेटिंगसाठीचा फोटो माणूस एकट्याने निवडतो, आणि नेमके तिथेच फसते.

अनोळखी चेहऱ्याविषयी मत बनायला वेळ लागत नाही. जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांच्या 2006 मधील प्रयोगांत एक दशांश सेकंद दिसलेल्या चेहऱ्याबद्दलही लोकांनी तो विश्वासू आहे की नाही ते ठरवले, आणि सवडीने पाहूनही ते मत फारसे बदलले नाही. हे मत माणसापेक्षा त्या विशिष्ट फोटोवर अवलंबून असते. एकाच व्यक्तीचे दोन फोटो दोन वेगळ्या स्वभावांचे वाटू शकतात.

मग त्यांतला कोणता लावायचा? डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये विद्यार्थ्यांना स्वतःच्या 12 फोटोंतून निवड करायला लावली, तीच निवड अनोळखी लोकांकडूनही करून घेतली आणि मग तिसऱ्याच लोकांना ते फोटो दाखवले. परक्यांनी निवडलेले फोटो पाहणाऱ्यांवर अधिक चांगली छाप पाडणारे ठरले. आपला चेहरा रोज आरशात पाहणाऱ्याला तो परक्याला कसा दिसेल, याचा अंदाज येत नाही, असे यावरून म्हणता येईल. म्हणून पाचसहा फोटो फारशी ओळख नसलेल्या माणसापुढे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. जिवलग मित्र इथे उपयोगाचा नाही. त्यालाही तुमचा चेहरा सवयीचा झालेला असतो.

फोटो कसा काढला यावरही बरेच ठरते. ओकेक्युपिड या अमेरिकी साइटचे क्रिस्टियन रडर यांनी 2010 मध्ये सदस्यांचे गुणांकन तपासले, तेव्हा फ्लॅशमुळे माणूस सुमारे सात वर्षांनी थोराड दिसतो असे आढळले: फ्लॅश मारलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला फ्लॅशविना फोटो काढलेल्या पस्तिशीतल्याइतकेच गुण. समोरून पडणारा कडक उजेड चेहरा सपाट आणि तेलकट करतो. खिडकीजवळचा मऊ उजेड फुकट मिळतो, तरी लोक रात्रीच्या पार्टीतलाच फोटो का लावतात, कळत नाही. त्याच वर्षी रडर यांना असेही दिसले, की न हसता दुसरीकडे पाहणाऱ्या पुरुषांना अधिक प्रतिसाद मिळतो, तर स्त्रियांना कॅमेऱ्यात पाहून लाडिक भाव आणल्याने. हा निव्वळ सहसंबंध आहे. तसे फोटो लावणारे पुरुष मुळातच वेगळे असू शकतात. त्यामुळे मान वळवून बसल्याने काही साधेलच असे नाही.

सोबतची वस्तू वा प्राणीही बोलतो. अमेरिकेत 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकेका पुरुषाचा फोटो मांजरासह आणि मांजराविना तरुणींना दाखवला. मांजर हातात असताना तो कमी मर्दानी आणि डेटसाठी कमी योग्य वाटला. स्वतःला मांजरप्रेमी म्हणवणाऱ्या तरुणींचे मत मात्र तितके कडक नव्हते. फोटो दोनच पुरुषांचे होते, त्यामुळे निष्कर्ष फार ताणू नये. आणि मांजर खरेच घरात असेल, तर पहिल्या भेटीनंतर ते लपणारही नाही.